कुंदाचं पान

९ जून
देवरूख. शाळेचा शिपाई दारातून पुकारत होता, "कुंदा सुर्वे... कुंदा दत्ताराम सुर्वे..." शेजारच्या बाई उठतील म्हणून मी त्यांच्याकडे बघत बसले, आणि त्या माझ्याकडे. तिसऱ्या हाकेला उठले. बारा वर्षांत या नावाला ओ दिलेली नव्हती, पायांना सवय नव्हती.

हेडसर भला माणूस. टेबलावर डावीकडे माझी एम.एस्सी., बी.एड.ची प्रमाणपत्रं, कुंदाची. उजवीकडे आधार, पॅन, पासपोर्ट. स्वामिनी विशोकानंद सरस्वती. 'केअर ऑफ' म्हणून गुरूंचं नाव. सरांनी दोन्ही ढीग थोडे लांब सरकवले, भांडतील अशा भीतीने. "या दोघी एकच, हे कशावरून?" जुनं राजपत्र दाखवलं. जुने नाव, नवीन नाव, कारण : संन्यास दीक्षा. त्यांनी नीट वाचलं. "मग आता तुम्ही स्वामिनी. अर्ज कुंदाबाईंचा कसा?"
म्हटलं, संन्यास सोडला.
"सोडता येतो?"
मलाही तेच विचारायचं होतं कोणाला तरी.

येताना एस्टीत खिडकी मिळाली. एवढंच बरं झालं आजचं.

१० जून
कालचं पुरं लिहिलं नाही. सर म्हणाले, गणिताची जागा आहे, शिवाय मुलींच्या वसतिगृहाला कोणीतरी बाई हव्यात. पण कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी असते, आधार आणि प्रमाणपत्रं एका नावाची लागतात. जूनचे दिवस, तोवर एका माजी विद्यार्थिनीला तासांवर घेतो, गणपतीपर्यंत जमवा. मग निघताना हळूच, "किंवा असं करा. स्वामिनी म्हणूनच या. भगव्यात. संस्थेला आवडेल. पालकांनाही. प्रमाणपत्रांना जुनं राजपत्र जोडलं की कागद जुळतातच."
जुळतात. खरंच जुळतात. मीच तेवढी जुळत नाही.

१२ जून
घरात माझी नावं. अनंता (धाकटा भाऊ, वीज कंपनीत आहे) : ताई. वहिनी : पहिले आठ दिवस माताजी, मग चुकून ताई, आता ताईच. शेजारपाजार : माताजी, आणि वाकून नमस्कार. काल भाट्याच्या पुलावर एक कोळीण टोपली खाली ठेवून पाया पडली. अंगावर वहिनीची सुती साडी, डोक्यावर बोटभर पांढरे केस. तरी ओळखतात. भगवं उतरवलं तरी त्याचा डाग राहतो.
आई : काहीच नाही. आणि "तुम्ही".
"जेवलात काय?" "पंखा लावू काय तुम्हाला?"
पोटच्या पोरीला.

दीक्षेनंतर एकदाच आश्रमात आली होती. सगळे नमस्कार करत होते, तिनेही केला. संन्याशाला आईबापांनीही नमस्कार करायचा, ही रीतच आहे. मी हात वर करून "नारायण" म्हटलं. तेव्हा वाटलं होतं, किती उंचावर आलो आपण! आता ते आठवायलाही नको वाटतं.

१६ जून
महा ई-सेवा केंद्र. नाव परत बदलायचं राजपत्र. तिथली मुलगी भराभर टाइप करत होती.
"जुनं नाव?"
"स्वामिनी विशोकानंद सरस्वती."
"नवीन नाव?"
"कुंदा दत्ताराम सुर्वे."
हात थांबले तिचे. "उलटं सांगितलंत ना, काकी?"
उलटंच आहे. सरकारच्या लेखी कुंदा हे आता माझं नवीन नाव. बाबांनी ठेवलेलं, आत्याने बारशाला कानात सांगितलेलं, दहावीच्या दाखल्यावरचं.
"कारण काय घालू? लग्न? घटस्फोट? बायका यायच्या त्या याच दोन कारणांनी."
"यातलं नाही."
"घटस्फोट घालू काय? लवकर होतं."
हसू आलं. गेल्या कित्येक महिन्यांतलं पहिलं. 'इतर' घातलं. शपथपत्रावर दोन सह्या, एक जुन्या नावाने, एक नव्या. कुंदाची सही चुकली. हात आपोआप 'स्वा.' कडे वळला. नवा कागद.

१७ जून
त्या मुलीने सांगितलेलं मुद्दाम लिहून ठेवते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. माझं एकदा झालंय, कुंदाची स्वामिनी झाले तेव्हा. आता एकच उरलं. त्यानंतर बदलायचं तर मुंबईच्या कार्यालयात खेटे घाला, कारणं द्या, आणि करतील तर करतील. "नीट ठरवा हां काकी," म्हणाली.
धर्मात तर एकदाच आहे. आधारवाले त्या मानाने उदार.

२१ जून
पाऊस धो धो, वीज नाही. म्हणून लिहिते, एरवी लिहिलं नसतं.

का सोडला. गुरू गेले म्हणून नाही. नवीन महंतांशी पटेना म्हणून नाही, पटत होतं. आत दिवा होता तो विझला. पहिल्या वर्षी वाटलं, वारा आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, तेल कमी. तिसऱ्या वर्षी कळलं, दिवाच नाही. लोकांना प्रवचनं देत होते, रडायची माणसं समोर. मी घड्याळ बघायची.
महंतांना सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, "जायला कोणी अडवणार नाही. पण शास्त्रात याला आरूढपतित म्हणतात, चढून पडलेला. त्याला प्रायश्चित्त नाही." मी विचारलं, नाव? दिलेलं नाव परत कोणाकडे ठेवू? म्हणाले, "नाव परत घ्यायचा विधी नाही."
जायचा विधी आठवतो सगळा. आठ श्राद्धं. देवांचं, ऋषींचं, पितरांचं, मातांचं, आणि शेवटचं आपलं स्वतःचं. माझ्या हाताने माझा पिंड. मग मुंडन, रात्रभर जागरण, पहाटे विरजाहोम. मग नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून "संन्यस्तं मया". अंगावरचं वस्त्र पाण्यात सोडलं. काठावर गुरूंनी भगवं दिलं आणि कानात नवं नाव. त्या दिवशी मी इतकी आनंदात होते की काय सांगू. खोटं नव्हतं ते. हेच मला कोणाला सांगता येत नाही. खोटं असतं तर सोपं होतं.

२६ जून
आज बांगडा खाल्ला. वहिनीने तळला होता, वास घरभर. आईने माझं जेवण नेहमीसारखं वेगळ्या पातेल्यात, कांदालसणाशिवाय केलं होतं. मी वहिनीला म्हटलं, मला एक दे. आई ताटावरून उठून गेली.
काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही, उलटीसुद्धा नाही. नुसता बांगडा होता. तेच तर वाईट.

२९ जून
अनंता गमतीत, "ताई, तू रेशनवर मेलीस, माहीताय?" कार्ड नवं करताना दुकानदाराने विचारलं, हे नाव का कमी करायचं? हा म्हणाला, संन्यास घेतला. दुकानदार म्हणाला, संन्यास असा पर्याय नाही, लग्न, स्थलांतर नाहीतर मयत. आई बाजूलाच उभी होती. आई म्हणाली, "मयत लाव."
अनंता हसत हसत थांबला. माझं तोंड बघून असेल.

३० जून
अनंताचे ओळखीचे वकील भेटले. म्हणाले, कायद्यातही संन्यास हा नागरी मृत्यू मानतात. नुसतं भगवं घालून नाही, विधी पुरे झाले असतील तर. पिंड, विरजाहोम, सगळं सिद्ध करावं लागतं. "तुमचं तर सगळंच झालंय." वडिलांच्या जमिनीवर वारसदार म्हणून माझं नाव लागलं नाही ते बरोबर, आणि परत आलात म्हणून गेलेला हक्क आपोआप परत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला जमीन नको हो. शिकवायला एक फळा हवा आणि एक नाव.
"नावाला हरकत नाही," म्हणाले. "नाव कोणीही बदलू शकतं. मेलेला माणूससुद्धा, कागद असले तर." स्वतःच्या विनोदावर हसले. मीही हसले, फी घेत नव्हते.

४ जुलै
आज आईला विचारलं. ती चुलीपाशी होती (गॅस आहे, पण पावसात आंघोळीचं पाणी चुलीवरच). म्हटलं, आई, मला नावाने हाक मार ना एकदा.
"कोणत्या?"
"कुंदा."
लाकूड आत सारलं. "त्या नावानं मी दरसाल पान ठेवत्ये. त्याच नावानं तुम्हाला हाक मारू? भूत बोलावल्यासारखं नाय व्हायचं?"

मला माहीतच नव्हतं. वहिनीने नंतर सांगितलं. माझी दीक्षा झाली तेव्हा गुरुजींनी सांगितलं होतं, घरच्यांनी आंघोळ करायची आणि सोडायचं, बाकी काही नाही, तिचं तिने केलंय. पण आई पुढच्या सर्वपित्रीपासून दरवर्षी पितरांबरोबर एक पान जास्त वाढायला लागली. कुंदाचं. त्यावर अळूचं फदफदं, मला आवडायचं म्हणून. गुरुजी म्हणाले, जिवंत माणसाचं असं करू नये, वाईट असतं. आई म्हणाली, "जिवंत हाय ती ती माताजी. ही माझी पोर मेली." गुरुजींनी पुन्हा विषय काढला नाही.

अळू मला आवडायचं, हे मी विसरले होते.

५ जुलै
झोप नाही. बाबा गेले तेव्हा मी आश्रमात होते. फोन आला. संन्याशाला सुतक नसतं. आईवडील गेल्याचं कळलं तर नेसत्या वस्त्रानिशी एक आंघोळ करायची आणि कामाला लागायचं. मी आंघोळ केली. संध्याकाळी प्रवचन दिलं. विषय 'आत्मा अमर आहे'. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.
बाबांसाठी मी अजून रडलेली नाही. आता कोणत्या नावाने रडू, हेही कळत नाही.

११ जुलै
आईशी पुन्हा. या वेळी तीच बोलली. मी पासपोर्ट कपाटात ठेवत होते.
"त्यात आईचं नाव नाय तुमच्या."
संन्याशांना आईबापांच्या जागी गुरूंचं नाव लावायची सोय आहे, म्हणून तसं केलं होतं. परदेशी प्रवचनांना जायचं होतं. तिला कसं कळलं?
"अनंतानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, बघ रे माझं नाव कुठं हाय. त्यानं सगळी पानं उलटली."
आणि निघून गेली. मी त्या पासपोर्टाकडे बघत राहिले. रबरी शिक्के सगळे आहेत. तीन देशांचे.

१९ जुलै
गुरुजी आले होते, अनंताच्या मुलीची पत्रिका घेऊन. आईने मला आत पाठवलं आणि दाराआड मी ऐकते आहे हे माहीत असून विचारलं, "गुरुजी, मेलेलं माणूस परत आलं तर काय करतात?"
त्यांना कळलं.  म्हणाले, शास्त्रात आहे. मेला असं समजून ज्याचे दिवस केले आणि तो जिवंत परतला, तर त्याला तुपाच्या घागरीत बसवून बाहेर काढायचं, जणू पोटातून आला. मग जातकर्म, बारसं, सगळे संस्कार पहिल्यापासून. लग्न झालेलं असेल तर आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न.
आई एकदम, "बारसंसुद्धा?"
"बारसंसुद्धा."
"म्हंजे नाव परत ठेवायचं."
"हो, पण..."
"तूप किती लागंल?"
देवा. तिचा तो आवाज! मी बारा वर्षांत ऐकला नव्हता. बाजारात भाव करताना असायचा तसा. दाराला डोकं टेकून उभी राहिले. मला वाटलं, बसेन मी. घागरीत बसेन, कढईत बसेन, सांगाल तिथे बसेन.

गुरुजी म्हणाले, "पण काकू, ते गैरसमजाने मेलेल्याला. हिने आपला पिंड आपण दिलाय, समजून उमजून. शिवाय संन्यासातून परतणाऱ्याला घ्यायचा विधी मी तरी वाचलेला नाही. मी करणार नाही, मला पाप लागेल."
 आई म्हणाली, "चहा घ्या."

२० जुलै
आई दिवसभर अंथरुणात. ताप नाही. काही नाही. "तुम्ही बसू नका हितं," म्हणाली.

२ ऑगस्ट
राजपत्र आलं. कुंदा दत्ताराम सुर्वे. माझा फोटो, बोटभर केसांचा, चोरासारखा. छापून आली म्हणजे झाली. सरकारला तूप लागत नाही.
अनंताने पेढे आणले. आईने घेतला, देवापुढे ठेवला, खाल्ला नाही.

८ ऑगस्ट
हेडसरांचा फोन. वसतिगृह चालवणाऱ्या समितीत चर्चा झाली. "समितीचं म्हणणं असं आहे, स्वामिनी म्हणून येत असाल तर उद्या या. कुंदाबाई म्हणून... दोन्ही कामांना एकच बाई हवी, आणि संन्यास मोडलेली बाई मुलींच्या वसतिगृहात, पालक काय म्हणतील. तुम्ही समजू शकता." समजू शकते. एवढंच शिकले आहे इतकी वर्षं.
मी विचारलं, "भगवं घालून खोटं बोलले तर चालेल?"
"खोटं कुठे, ताई? नाव तर अजून आधारवर आहे."
विचार करून सांगते म्हटलं. लगेच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. घरात बसून वहिनीच्या साड्या किती दिवस नेसू? कपाटातली भगवी वस्त्रं काढून हुंगली. ओलीचा वास. परत ठेवली.

१४ ऑगस्ट
भाट्याच्या किनाऱ्यावर गेले होते. उधाण. उभं राहावंसं वाटलं कमरेएवढ्या पाण्यात आणि उलटं म्हणावंसं वाटलं ते सगळं. उलटे शब्दच नाहीत. एका पर्यटकाने विचारलं, "मावशी, फोटो काढता?" काढला. चौघं हसत होती. छान आला.
जीव द्यावासा वाटला का? वाटला. लिहून ठेवते, कारण लिहिलं की थोडं लांब जातं. मग आठवलं, एकदा मरून झालंय, त्याने काही सुटलं नाही. घरी येऊन पाय धुतले. वहिनीला सांगितलं सगळं. रात्री ती माझ्या खोलीत अंथरूण घेऊन आली. रोज येणार म्हणते.

२९ ऑगस्ट
परवा गणपती बसले. अंगणात शेजारणी, हळदीकुंकू. ताट माझ्यापाशी आलं आणि थांबलं. सवाशीण नाही, विधवा नाही, कुमारिका म्हणावं तर एक्कावन्न. संन्यासिनीला लावत नाहीत. जिच्या हातात ताट होतं ती बिचारी घामाघूम. वहिनीने पुढे होऊन माझ्या कपाळाला बोट टेकवलं, "लाव गं, घरचीच हाय." आई बघत होती.  पूस म्हणाली नाही.

३ सप्टेंबर
सरांना फोन केला. स्वामिनी म्हणून येणार नाही. त्यांनी बरं म्हटलं, आणि वाटलं तेवढे हळहळले नाहीत. ती तासांवरची मुलगी चांगली शिकवते म्हणे.
मग लगेच आधार केंद्रावर गेले, विचार बदलायच्या आत. राजपत्र, जुनं कार्ड, बोटांचे ठसे. ठसे जुळले. ठशांना नावाशी देणंघेणं नसतं. "प्रक्रियेत आहे" अशी पावती मिळाली. शेवटची संधी वापरून झाली. नोकरी नाही, आता दुसरं नावही नाही.
अनंता म्हणतो, क्लास काढ, घरच्या पडवीत. बघू. कोण पाठवणार.

८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणजे माझ्यापुढे. वहिनीने आईला विचारलेलं ऐकलं, "यंदा त्या... ताईंचं पान?" आई म्हणाली, "बघू."
मला दोन्हीची भीती वाटते. ठेवलं तर मी मेलेली. नाही ठेवलं तर आईने वर्षातून एकदा जिला जेवायला घातलं ती पोरही गेली. मी तिच्या वाट्याचं खाऊन टाकलं असं होईल. वहिनीने एकदा आईला विचारलं होतं म्हणे, का करता हे. आई म्हणाली होती, "संन्याशाला घरी ये असं म्हणता येत नाय. मेलेल्याला म्हणता येतं."

१५ सप्टेंबर
आधार : प्रक्रियेत.

२० सप्टेंबर
आई संध्याकाळी मागच्या परड्यात गेली, काठी घेऊन, पावसात. अळूची पानं घेऊन आली. मी म्हटलं, मी काढली असती. "तुम्हाला कळत नाय कोणती खाजरी ती."
देठ सोलत बसली. मी समोर बसले.  मीही चार देठ सोलले, तिने बघून दोन बाजूला टाकले.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
अनंताने बाहेर पितरांची पानं ठेवली. बाबांचं, आजोबांचं, आजीचं, आत्याचं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळा. मी स्वयंपाकघराच्या दारातून मोजत होते, लाज नाही मला. चार. पाचवं नव्हतं. अनंताने आईकडे बघितलं. आईने मान हलवली, नाही. तो हात जोडून आत आला.
मला काही वाटलं नाही आधी. मग ओट्याला धरून उभी राहिले.

थोड्या वेळाने आईने स्वतः एक पान घेतलं. केळीचं, धुतलेलं. मधल्या घरात जमिनीवर मांडलं. अळूचं फदफदं वाढलं, आधी तेच, मग भात. पाणी फिरवलं. दक्षिणेकडे, पितरांच्या दिशेला, तोंड होतं का? तिथे दाराच्या उजेडामुळे पान नेहमी तसंच मांडतात, कळायला मार्ग नाही. वाढलेल्या पानापुढे ती थोडा वेळ उभी राहिली. ओठ हलले, ऐकू आलं नाही.
मग वहिनीला म्हणाली, "तिला सांग, पान वाढलंय."
वहिनीने विचारलं नाही, कोणाला. वहिनी माझ्याकडे बघायला लागली आणि रडायला लागली. आई कधीच मागच्या पडवीत गेली होती, पाठ करून भांडी विसळत होती.

मी जाऊन पानावर बसले. मेलेल्याचं होतं की माझं, आईला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, ती खोटं बोलत नाही. म्हणून विचारलं नाही.
सगळं जेवले. अळू थोडं खाजरं होतं, अजून घसा खवखवतोय.